१२०० ची चिमणी असूनही घरभर वास का राहतो?

प्रश्न: आमचा पुण्यात सहाव्या मजल्यावर टू बीएचके आहे. किचन साधारण ८ बाय ९ फूट. ओट्यावर १२०० सक्शनची चिमणी आहे, खिडकीच्या वरच्या काचेत एक्झॉस्ट आहे. दोन्ही चालू करते, खिडकीही उघडते. तरी मिरचीची फोडणी दिली की हॉलमध्ये ठसका लागतो आणि मासे तळले तर दुसऱ्या दिवशी बेडरूममधल्या कपड्यांना वास येतो. सासूबाईंना दमा आहे. आता १५०० ची चिमणी घ्यावी का?

उत्तर:

नका घेऊ. तुमच्या घरात जागा बदलण्यासारख्या दोन-तीन गोष्टी आहेत. त्या तशाच ठेवून १५०० ची चिमणी लावलीत तर आवाज वाढेल, वास जवळजवळ तेवढाच राहील. मी बावीस वर्षं घरगुती आणि हॉटेलांच्या किचनच्या हवेचं काम करतो आहे. चिमणी बदलून घ्यायची म्हणून लोक बोलावतात, आणि बहुतेक वेळा जुनीच चिमणी नीट चालू करून देऊन मी परत येतो.

आधी त्या १२०० चा अर्थ सांगतो. तासाला १२०० घनमीटर हवा ओढण्याची ती क्षमता आहे, पण ती पाइप न जोडता, समोर कसलाही अडथळा नसताना मोजलेली असते. पाइप जोडला, त्याला वळणं आली, पुढे जाळी आली, फिल्टरला तेल लागलं की प्रत्यक्षातला आकडा निम्म्यावर येतो, कधी त्याच्याही खाली जातो. आणि तुम्हाला १२०० लागतही नाहीत. ८ बाय ९ च्या खोलीची उंची नऊ फूट धरली तर आत जेमतेम १८ घनमीटर हवा असते. चिमणीने खरोखर तासाला ४०० ते ५०० घनमीटर हवा बाहेर टाकली तर तळण, फोडणी, सुकट भाजणं, सगळं निभावतं. त्यामुळे तुमच्याकडे बघायचं ते एवढंच की हे ४००-५०० खरंच बाहेर पडताहेत का, आणि पडत असतील तर त्यांच्या जागी येणारी हवा कुठून येते आहे.

हा दुसरा भाग कोणी बघतच नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. चिमणी जेवढी हवा बाहेर टाकते तेवढीच हवा घरात कुठून तरी यावी लागते. ती यायला वाट नसेल तर पंखा नुसता घुमतो. आजकालच्या फ्लॅटमध्ये स्लायडिंग खिडक्यांना रबर असतं, मुख्य दार फ्रेममध्ये घट्ट बसतं, एसीमुळे बेडरूम बंद असतात. अशा बंद घरात चिमणी लावली की ती मिळेल तिथून हवा ओढते. एक्झॉस्टच्या पट्ट्यांमधून ओढते, बाथरूमच्या व्हेंटिलेटरमधून ओढते. चिमणी चालू केल्यावर थोड्या वेळाने बाथरूमकडून गटारासारखा वास येतो अशी तक्रार कधी झाली आहे का, आठवून बघा. नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकलं असेल तर चिमणी चक्क ड्रेनेजच्या पाइपातली हवा घरात ओढते. लोक प्लंबरला बोलावतात, आणि दोष असतो हॉलची खिडकी बंद असण्यात.

तुमच्या घरात काय चाललं आहे हे बघायला एक उदबत्ती पुरेल. गॅस बंद ठेवा, सगळ्या खिडक्या आणि मुख्य दार लावा, पंखे बंद करा, चिमणी सगळ्यात वरच्या स्पीडवर लावा आणि एक्झॉस्ट बंदच ठेवा. आता उदबत्ती एक्झॉस्टच्या पट्ट्यांजवळ धरा. धूर बाहेर न जाता तुमच्या तोंडाकडे यायला लागला, तर बाहेरची हवा एक्झॉस्टमधून आत येते आहे. मग हॉलची एक खिडकी चार-पाच बोटं सरकवा आणि पुन्हा बघा. एक्झॉस्टकडचा धूर शांत होईल आणि चिमणीचा आवाज किंचित बदलेल, थोडा भरीव होईल. कान देऊन ऐकलंत तर हा फरक स्पष्ट कळतो.

त्यानंतर उदबत्ती किचनच्या दाराच्या चौकटीत धरा, तीन उंचींवर: गुडघ्यापाशी, छातीपाशी, आणि स्टुलावर उभं राहून चौकटीच्या अगदी वरच्या कडेला. पण ही चाचणी शेगडीवर मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून करा, म्हणजे खोलीत खरोखरची उष्णता असेल. खाली धूर हॉलकडून किचनमध्ये येताना दिसेल आणि वाटेल, सगळं ठीक आहे. वर मात्र बऱ्याच घरांत तो उलट, किचनमधून हॉलकडे सरकताना दिसतो. चिमणीच्या हातून निसटलेली गरम हवा छताखाली जमते, तिचा थर वाढत वाढत चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत उतरतो आणि तिथून हॉलमध्ये वाहतो. तुमच्या हॉलमधला ठसका याच वाटेने येतो. किचनला दार नसेल, नुसती कमान किंवा ओपन किचन असेल, तर हा थर अडतच नाही, आणि हॉलचा सीलिंग फॅन चालू असेल तर मिनिटभरात तो घरभर कालवला जातो.

हे एकदा डोळ्यांनी बघितलं की कोणी काय करायचं ते आपोआप ठरतं. चिमणीने भांड्यावरून उठणारा धूर जागच्या जागी उचलायचा. तिच्या हातून सुटून छताखाली गेलेला थर एक्झॉस्टने काढायचा. आणि हवा हॉलच्या बाजूने आत आली पाहिजे, म्हणजे घरातला वारा सतत हॉलकडून किचनकडे वाहील आणि वासाला उलट जाता येणार नाही.

आता तुमची खिडकी बघा. एक्झॉस्ट खिडकीच्या वरच्या काचेत आहे आणि त्याच खिडकीची खालची काच तुम्ही उघडी ठेवता. यात घडतं असं की एक्झॉस्टला सगळ्यात जवळची हवा त्या उघड्या काचेतून मिळते. बाहेरची स्वच्छ हवा दोन फूट वर चढते आणि एक्झॉस्टमधून परत बाहेर जाते. पंखा जोरात फिरतो, पट्ट्या पूर्ण उघडलेल्या दिसतात, आणि खोलीतला धूर जिथल्या तिथे राहतो. शिवाय ती खिडकी ओट्याच्या बाजूला असेल तर आत येणारा झोत भांड्यावरून वर चढणारा धूर चिमणीखालून आडवा ढकलतो. शेगडीची ज्योत एका बाजूला कललेली दिसली तर समजा की धूरही तिकडेच जातो आहे. भांड्यावरून उठणारी गरम हवा फार हलक्या वेगाने चढते. वाऱ्याची एक झुळूक किंवा किचनमधला छोटा भिंतीवरचा पंखासुद्धा तिला वाटेवरून हटवायला पुरतो.

म्हणून स्वयंपाक चालू असताना किचनची खिडकी लावा. हे ऐकून बायका आधी विश्वासच ठेवत नाहीत, कारण धूर झाला की खिडकी उघडायची हे आपल्या हाताला लागलेलं वळण आहे. ते वळण चिमणी नसलेल्या घरासाठी बरोबर होतं. चिमणी असेल तेव्हा खिडकी हॉलची उघडायची, किचनपासून जितकी लांब तितकी चांगली. किती उघडायची? चार फूट उंचीची स्लायडिंग खिडकी चार-पाच इंच सरकवली की तासाला ४०० घनमीटर हवा कसलाही जोर न करता आत येते. चिमणी आणि एक्झॉस्ट दोन्ही चालू असतील तर वीतभर उघडा. बेडरूमची दारं तेवढा वेळ लावून ठेवा. दोन्हीही चालू आणि सगळं बंद, असं कधीच ठेवू नका. दोघांत चिमणी जोरदार असते, ती एक्झॉस्टच्या पंख्यालाही मागे रेटून त्याच्यातून हवा ओढते.

हे सगळं करूनही चिमणीखालचा धूर बाजूने निसटत असेल, तर दोष पाइपात आहे. इथे कोथरूडच्या एका घराची हकीकत सविस्तर सांगतो, कारण तुमच्या वर्णनाशी ती खूप जुळते.

तिथेही किचन एवढंच, चिमणी १२०० ची, दीड वर्षाची. फिल्टरच्या जाळीखाली टिश्यू पेपर धरला तर तो चिकटत होता, म्हणून कंपनीच्या माणसाने चिमणी चांगली आहे असा शेरा दिला होता. टिश्यूच्या चाचणीवर माझा भरवसा नाही. टिश्यूचं वजन ते किती, तो चिकटायला किंचितसा ओढा पुरतो. मी पाइपाच्या बाहेरच्या तोंडाशी वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र धरलं. सेकंदाला साधारण ७ मीटर वेग आला. ऐकायला बरा वाटतो, पण ते तोंड ४ इंची होतं. हिशेब केला तर बाहेर पडणारी हवा तासाला २०० घनमीटरच्या आसपास, म्हणजे खोक्यावरच्या आकड्याच्या एक षष्ठांश.

वरचा माळा उघडून बघितलं. चिमणीचं तोंड ६ इंचाचं. त्यावर ॲल्युमिनियमचा फ्लेक्सिबल पाइप ६ इंचीच जोडला होता, पण तो पूर्ण ताणलेला नव्हता. जास्तीचा पाइप कापायचा कंटाळा म्हणून दोन ठिकाणी बाजाच्या भात्यासारखा दाबून कोंबला होता. माळ्यावर पाणी साठवण्याची टाकी होती, तिला वळसा घालायला दोन वळणं घेतली होती, पुढे बीमखालून जायला आणखी एक, आणि भिंतीतून बाहेर पडताना चौथं. शिवाय भिंतीतलं भोक जुन्या एक्झॉस्टच्या पाइपाचं, ४ इंचाचं. ते मोठं करायचं टाळून ६ वरून ४ वर आणणारा रिड्यूसर बसवला होता. पाइपाची एकूण लांबी जवळजवळ साडेचार मीटर.

६ इंचाचं ४ इंच केलं तर तोंड तिसऱ्या हिश्श्याने कमी झालं असं वाटतं. प्रत्यक्षात क्षेत्रफळ निम्म्याहून कमी होतं, आणि तेवढीच हवा ढकलायची तर पाइपातलं घर्षण सात पटींहून अधिक वाढतं. चिमणीच्या पंख्यात तेवढा जोर नसतो, म्हणून तो हवाच कमी टाकतो आणि आवाज मात्र जास्त करतो. काटकोनातलं एकेक वळण हे दोन-तीन मीटर सरळ पाइप वाढवल्यासारखं असतं. चुण्या न ताणलेला फ्लेक्सिबल पाइप तर गुळगुळीत पाइपाच्या कितीतरी पट अडवतो, आणि त्या चुण्यांमध्ये तेल साठतं ते वेगळंच. मी तो पाइप कापला तेव्हा खालच्या चुण्यांमध्ये मधासारखं घट्ट, तपकिरी तेल जमलेलं होतं. पेटायला ते चांगलं इंधन असतं, हे विसरू नका.

आणखी एक गोष्ट सापडली, जी मला दर दहा-बारा घरांत एकदा तरी सापडते. चिमणीच्या तोंडाच्या कॉलरमध्ये दोन पाकळ्यांची झडप असते. चिमणी चालू झाली की ती उघडते, बंद झाली की मिटते, म्हणजे बाहेरचा वारा आणि झुरळं आत येत नाहीत. पाइप घट्ट बसावा म्हणून कॉलरला मारलेला एक स्क्रू जास्त लांब होता. त्याचं टोक आत येऊन एका पाकळीला अडवत होतं. दीड वर्ष ती चिमणी अर्ध्या उघड्या झडपेतून श्वास घेत होती. तुमच्याकडे हे ओळखायचं असेल तर चिमणीचं वरचं कव्हर सरकवून कॉलरपाशी कान द्या. चालू करताना आणि बंद करताना दोनदा हलकासा टक् असा आवाज यायला हवा. नाही आला तर झडप अडकली आहे.

तिथे आम्ही टाकी माळ्याच्या दुसऱ्या टोकाला सरकवली आणि पाइप चिमणीपासून सरळ वर, मग एकच वळण घेऊन थेट बाहेरच्या भिंतीकडे नेला. सरळ भागात ६ इंची गुळगुळीत पत्र्याचा कडक पाइप घेतला, फ्लेक्सिबल फक्त चिमणीला जोडण्यापुरता फूटभर, तोही पूर्ण ताणून. भिंतीत ६ इंचाचं नवीन कोअर कटिंग करून घेतलं. लांबी अडीच मीटरवर आली, चार वळणांचं एकच झालं. लांब स्क्रू काढून सांध्यांना ॲल्युमिनियमची टेप लावली. तोच पंखा, तीच चिमणी. बाहेरच्या तोंडाशी पुन्हा मोजलं तर ६ इंची तोंडातून सेकंदाला साडेसात मीटर, म्हणजे तासाला ४७५ च्या आसपास. मग हॉलची खिडकी लावून मोजलं, तर वेग साडेपाचवर उतरला आणि आकडा साडेतीनशेवर आला. घरातल्या काकूंना मी हे यंत्र हातात देऊन दाखवलं. खिडकी का उघडायची हे त्यानंतर त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

कोअर कटिंगबद्दल एक कळकळीची सूचना. बीम किंवा कॉलममध्ये भोक पाडू देऊ नका, कितीही सोयीचं दिसलं तरी. बऱ्याच नव्या इमारतींमध्ये मायवानच्या पद्धतीने सगळ्याच भिंती काँक्रीटच्या ओतलेल्या असतात आणि त्यांतल्या भिंतीच इमारतीचा भार घेतात. तिथे सोसायटीची आणि इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनीअरची लेखी परवानगी घेतल्याशिवाय ड्रिल लावू नये. अशा घरांत मी खिडकीच्या वरच्या काचेच्या जागी ॲल्युमिनियमचा पत्रा बसवून त्यातून पाइप काढतो. दिसायला थोडं कमी छान, पण भिंतीला हात लागत नाही. तुमच्याकडे एक्झॉस्टची काच आहे, तीच जागा चिमणीच्या पाइपासाठी वापरता येईल का तेही बघा. तसं केलंत तर एक्झॉस्ट ड्राय बाल्कनीच्या दारावरच्या व्हेंटिलेटरमध्ये, म्हणजे छताच्या जवळ, हलवता येतो. कधीकधी तिथेच त्याची खरी जागा असते.

पाइप बाहेर कुठे काढायचा यावरही बरंच अवलंबून आहे. बांधकाम करणाऱ्यांच्या डोक्यात चिमणीचा पाइप म्हणजे डक्टमध्ये, असं पक्कं बसलेलं आहे. डक्ट म्हणजे बाथरूमच्या खिडक्या उघडतात ती अरुंद, उभी पोकळी. प्रत्येक मजल्याची चिमणी तिथे धूर टाकते आणि प्रत्येक मजल्याची बाथरूम तिथूनच हवा घेते. तुमच्या मासळीचा वास कपड्यांना येतो म्हणालात, तेव्हा माझ्या मनात पहिली शंका हीच आली. तुमचा पाइप डक्टमध्ये असेल आणि बेडरूमच्या बाथरूमची खिडकी त्याच डक्टमध्ये उघडत असेल, तर चिमणीने बाहेर टाकलेला वास तीन मिनिटांत बाथरूममधून बेडरूममध्ये येतो, कारण चिमणीच घरातली हवा कमी करून त्याला आत ओढते आहे. बेडरूमला वास किचनकडून येतो की बाथरूमकडून, हे नाकाने तपासा. बाथरूमचं दार लावून ठेवल्यावर वास कमी झाला तर उत्तर मिळालं. पाइप बाहेरच्या मोकळ्या बाजूला, ड्राय बाल्कनीच्या बाहेरच्या कडेपर्यंत न्या. ड्राय बाल्कनीच्या आतच सोडू नका, तिथे कपडे वाळत असतात.

बाहेरचं तोंड पश्चिमेला येत असेल तर पावसाळ्याचा विचार आधी करा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो, आणि सहाव्या मजल्यावर तो पाइपाच्या तोंडात सरळ शिरतो. पावसाळ्यातच चिमणी काम करत नाही असं ज्यांचं म्हणणं असतं, त्यांच्या पाइपाचं तोंड बहुतेक वेळा पश्चिमेला असतं. तोंडाला खाली वळलेली टोपी लावा, आणि पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी किंवा आतली वाफ गार होऊन झालेलं पाणी चिमणीच्या मोटारीवर येणार नाही. कबुतरांसाठी जाळी लावायची तर मोठ्या भोकांची, अर्ध्या इंचाची लावा. डासांची बारीक जाळी लावलीत तर दोन महिन्यांत ती तेलाने बुजते आणि सगळं काम वाया जातं.

चिमणीची उंचीही तपासा, त्याला फक्त टेप लागते. शेगडीच्या बर्नरपासून चिमणीच्या खालच्या कडेपर्यंत २६ ते ३० इंच असावेत, पण तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळं अंतर दिलं असेल तर तेच पाळा. डोकं लागतं म्हणून ती ३६ इंचांवर नेलेली मी अनेक घरांत पाहिली आहे. धूर वर चढताना पसरत जातो, त्यामुळे सहा इंच वर नेलेल्या चिमणीखालून तो कडेने निसटतो. फार खाली आणली तर फिल्टरमधलं तेल तापतं, आगीचा धोका वाढतो. आणि चिमणी शेगडीएवढी तरी रुंद हवी. तीन-चार बर्नरचा ९० सेंटिमीटरचा हॉब आणि वर ६० ची चिमणी असेल तर कडेच्या बर्नरवरचं तळण तिच्या आवाक्याबाहेर असतं. चिमणी बदलायची नसेल तर निदान मासे आणि पुऱ्या मधल्या किंवा भिंतीकडच्या बर्नरवर तळा.

फिल्टरबद्दल थोडक्यात: बॅफल फिल्टर असेल तर रोज फोडणी-तळण होणाऱ्या घरात महिन्यातून एकदा गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा. बारीक जाळीचा असेल तर दर पंधरा दिवसांनी. ऑटोक्लीन असेल तरी तेलाची वाटी काढून बघावीच लागते. पाइप आतून साफ होतो असं कोणत्याही ऑटोक्लीनमध्ये नसतं.

आता दम्याचा उल्लेख केलात म्हणून एक धोक्याची गोष्ट सांगतो, ती कृपया आजच तपासा. घरात बाथरूममध्ये किंवा ड्राय बाल्कनीत गॅस गिझर आहे का? असेल तर तो चालू असताना चिमणी बंद घरात कधीही लावू नका. चिमणीच्या ओढीने गिझरचा जळलेला वायू बाहेर जाण्याऐवजी घरात ओढला जाऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला वास नसतो, ठसका लागत नाही, माणूस फक्त गुंगीत जातो. गिझरला बाहेर जाणारा स्वतःचा पाइप नसेल तर तो घरातल्या बंद बाथरूममध्ये असूच नये, चिमणी असो वा नसो.

आणि गॅस गळतीचा वास आला तर चिमणी किंवा एक्झॉस्ट लावून तो घालवायचा प्रयत्न करू नका. बटण दाबताना उडालेली ठिणगी पुरते. रेग्युलेटर किंवा पाइप गॅसचा वॉल्व्ह बंद करा, हाताने खिडक्या-दारं उघडा, बाहेर पडा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत बसतो, छताजवळच्या एक्झॉस्टला तो सापडतही नाही. पाइपातून येणारा गॅस हलका असतो, तो वर जातो. म्हणून सिलिंडर ठेवलेल्या ड्राय बाल्कनीच्या खालच्या जाळ्या पत्र्याने किंवा काचेने बंद करू नका, आणि पाइप गॅस असेल तर छताजवळचा व्हेंटिलेटर बुजवू नका. पाइप गॅसची जोडणी देताना माणूस व्हेंटिलेशनसाठी जी मोकळी जागा ठेवायला सांगतो, ती थंडीत वारा येतो म्हणून नंतर पुठ्ठा लावून बंद केलेली मी कित्येकदा काढली आहे.

पाइप बाहेर काढायला जागाच मिळाली नाही तर पाइपाशिवायची, कोळशाच्या फिल्टरची चिमणी घ्यायचा सल्ला दुकानात मिळेल. ती तेल बऱ्यापैकी पकडते, वास थोडा कमी करते. पण उष्णता, वाफ आणि गॅस जळून होणारे वायू ती परत खोलीतच सोडते, आणि कोळसा दर तीन-सहा महिन्यांनी बदलावा लागतो. सासूबाईंसाठी ती मी सुचवणार नाही. त्यापेक्षा किचनला दार किंवा निदान सरकती काच बसवा, छताजवळ ९ किंवा १० इंची एक्झॉस्ट लावा, किचनची खिडकी बंद आणि हॉलची उघडी ठेवून तो चालवा. साध्या एक्झॉस्टला पाइप नसतो, वळणं नसतात, त्यामुळे तो खोक्यावर लिहिलेल्या आकड्याच्या बराच जवळ काम करतो. अट एवढीच की तो सरळ मोकळ्या हवेत उघडला पाहिजे आणि त्याच्या पट्ट्या तेलाने चिकटून अर्धवट अडकलेल्या नकोत. ओपन किचन असेल आणि दार शक्य नसेल तर छतापासून दीड फूट खाली उतरणारी काचेची किंवा प्लायची पट्टी कमानीत लावा. छताखालचा गरम थर तिच्यामागे अडतो आणि एक्झॉस्टला तो ओढायला वेळ मिळतो. डोंबिवलीच्या एका घरात फक्त या पट्टीने हॉलमधला ठसका थांबला होता.

तुमच्याकडे मी या क्रमाने जाईन. आज उदबत्ती लावून बघा आणि खिडक्यांची सवय बदला. चिमणी तेल तापायला ठेवायच्या आधी तीन-चार मिनिटं लावा, म्हणजे हॉलकडून किचनकडे वारा वाहायला लागलेला असेल. धूर झाल्यावर लावलेली चिमणी पसरलेला धूर गोळा करू शकत नाही. तळण संपल्यावर ती मधल्या स्पीडवर दहा-पंधरा मिनिटं चालू राहू द्या, एक्झॉस्टही. कढईतलं तेल गार होईपर्यंत वास सोडतच असतं, म्हणून कढई झाकून चिमणीखालीच ठेवा, सिंकमध्ये नको. हे आठवडाभर करून बघा. मग रविवारी माळा उघडा, पाइपाचा व्यास टेपने मोजा, वळणं मोजा, आणि तो बाहेर कुठे उघडतो ते बघून फोटो काढून ठेवा. मिस्त्रीला बोलावण्याआधी हे तुमच्या हातात असलं तर तो चिमणीऐवजी पाइपाबद्दल बोलायला लागेल. सासूबाईंना फोडणीच्या वेळी हॉलच्या उघड्या खिडकीपाशी बसवा, तिथे सगळ्यात स्वच्छ हवा आत येत असते.